बढती मिळाली नाही हे मामांना कसं कळवू? मसुदा वाचून सांगा

उत्पादन_चाकण | सोमवार, रात्री १०.२०

चाकणला आमचं मशीन शॉप आहे, गाड्यांचे ॲल्युमिनियमचे हाउसिंग करतो. मी प्रॉडक्शन मॅनेजर. असिस्टंट मॅनेजरची एक जागा निघाली, बाहेरून कोणी न घेता आतल्याच लोकांकडून अर्ज मागवले. तिघांनी अर्ज केले. त्यातले एक आमचे सर्वात जुने सुपरवायझर. शॉपवर सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो, इथेही तेच लिहितो. आयटीआय टर्नर, वय ४६, कंपनीत १४ वर्षं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे.

निवड झाली ती दुसऱ्याची. तो डिप्लोमा झालेला, सहा वर्षांचा अनुभव, याच शॉपमधला. पॅनेलवर प्लांट हेड, एचआर, क्वालिटी हेड आणि मी होतो. निर्णय माझाही आहे आणि मला तो बरोबर वाटतो.

शुक्रवारी सर्क्युलर लागेल. त्याआधी मामांना मेल करायचा आहे. हे लिहिलंय:

«आदरणीय महोदय, असिस्टंट मॅनेजर पदासाठी आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल मनःपूर्वक आभार. सर्वच उमेदवार अत्यंत सक्षम असल्याने निवड करणे कठीण होते. दुर्दैवाने या वेळी आपली निवड होऊ शकली नाही. आपण कंपनीचा अमूल्य ठेवा आहात. कम्युनिकेशन आणि लीडरशिप यांवर आणखी काम केल्यास पुढील वेळी आपली निवड नक्की होईल.»

चार वेळा वाचलं. खोटं काही नाही, पण मामा हे वाचून मला विचारतील, "म्हणजे नक्की काय करू?" आणि माझ्याकडे उत्तर नाही.

---

फाउंड्री_सांगली | सोमवार, रात्री १०.५५

लिहायच्या भानगडीत पडूच नका. माझ्याकडे ४० माणसं आहेत. असं काही असलं की केबिनमध्ये बोलावतो, चहा मागवतो, आधी दोन गोष्टी चांगल्या सांगतो, मध्ये नकार, शेवटी पुन्हा कौतुक. माणूस दुखावत नाही. लिहिलेला कागद घरी जातो, बायको वाचते, मेहुणा वाचतो, युनियनवाला वाचतो.

---

माजी_एचआर_नाशिक | सोमवार, रात्री ११.३०

सांगलीकर, आधी समोरासमोर सांगायचं हे तुमचं अगदी बरोबर. मेल वाचून कळणं आणि माणसाच्या तोंडून कळणं यात फार फरक आहे. पण पुढचं पटत नाही. कौतुक, नकार, कौतुक असं सांगितलं की अर्धे लोक खोलीतून बाहेर पडताना "आपलं जवळजवळ झालंय" असं समजून पडतात. २२ वर्षं हेच काम केलं, हे मी स्वतः पाहिलंय. आणि ज्याला कळतं, तो पुढे कुठल्याही कौतुकाला घाबरतो.

मॅनेजरसाहेब, क्रम असा ठेवा. ज्याची निवड झाली त्याचा होकार आधी घ्या, कारण तो नाही म्हणाला तर सगळं बदलतं. होकार आला की त्याच दिवशी, दोन-तीन तासांच्या आत, उरलेल्या दोघांना वेगवेगळं भेटा. मग सर्क्युलर. शुक्रवारपर्यंत थांबलात तर गुरुवारीच शॉपच्या ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडलेले असतील. भेट झाल्यावर दुसऱ्या दिवशी लेखी द्या, कारण नकार ऐकल्यावर पुढचं काही डोक्यात शिरत नाही. मार्गदर्शन कागदावरच राहतं.

आता मसुदा. निर्णय तिसऱ्या वाक्यात आहे, तो पहिल्या वाक्यात आणा. "दुर्दैवाने" काढा. दैवाने नाही, चार माणसांनी बसून ठरवलंय. "नक्की" तर आजच काढा. पुढची जागा कधी निघेल, पॅनेलवर कोण असेल, तुम्हाला माहीत नाही. दोन वर्षांनी ते हाच मेल घेऊन येतील.

आणि मुख्य मुद्दा. "कम्युनिकेशन आणि लीडरशिप" म्हणजे पॅनेलच्या खोलीत नेमकं काय बोलणं झालं होतं? शब्द आठवून लिहा.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ६.४०

शिफ्ट सुटली, आता वाचलं. मी मामांच्याच बाजूचा माणूस आहे, सुपरवायझर, वेगळ्या कंपनीत.

मला पाच वर्षांपूर्वी असाच मेल आला होता. त्यात एकच कारण होतं, कम्युनिकेशन. मी समजलो माझं इंग्रजी कच्चं. रात्रपाळी करून सकाळी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला, वर्षभर. झोप चार तास. पुढच्या इंटरव्ह्यूला इंग्रजीत बोललो, तरी नाही झालं. मग जुन्या साहेबांनी नोकरी सोडताना सांगितलं की प्रश्न इंग्रजीचा नव्हताच. मशीन बंद पडलं की मी वर कळवत नव्हतो, स्वतःच दुरुस्त करत बसायचो, आणि डिस्पॅचला उशीर होणार हे प्लॅनिंगला सकाळी कळायचं. त्याला ते कम्युनिकेशन म्हणत होते.

एवढंच आधी लिहिलं असतं तर मी दुसऱ्या दिवसापासून रात्री दोनला फोन केला असता. त्याला क्लास लागत नाही.

---

बँक_अधिकारी_नगर | मंगळवार, सकाळी ९.१५

मामांनी लगेच लेखी अपील करावं. आमच्याकडे प्रमोशनला लेखी परीक्षा, वार्षिक मूल्यमापन आणि मुलाखत यांचे गुण ठरलेले असतात. माझं स्केल दोनमधून तीनला जाताना मुलाखतीत अडलं, तेव्हा मी मूल्यमापनाचे गुण मागवले होते आणि त्यात एका वर्षाचा शेरा चुकीचा निघाला. मुदत पाळणं महत्त्वाचं.

---

उत्पादन_चाकण | मंगळवार, दुपारी १.०५

बँक साहेब, मी मामा नाही, त्यांना नकार देणारा आहे. पण तुमच्यामुळे एक सुचलं. आमच्याकडेही गुणपत्रक होतं, पाच बाबी, प्रत्येकी २० गुण. ते काढून बसलो. मामांना मशीन आणि प्रोसेसच्या ज्ञानात १९. तिघांत सर्वात जास्त. समस्या सोडवण्यात ९ आणि माणसं तयार करण्यात ८. त्या दोन ठिकाणी गेले.

९ का? पॅनेलमध्ये एकच प्रसंग निघाला होता. ऑगस्टमध्ये एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मोठा निघाल्याची ग्राहकाची तक्रार आली. मामा रात्री साडेबाराला घरून आले आणि तासाभरात कारण काढलं. कापणारा इन्सर्ट झिजला की बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई, मशीनमध्ये थोडाथोडा वाढवत नेतो. त्या दिवशी नवा इन्सर्ट लावला, पण वाढवलेला ४० मायक्रॉनचा ऑफसेट शून्यावर आणला नाही. बोअर तेवढा मोठा कापला गेला. लहान बोअर पुन्हा मारता येतो, मोठा झाला की तुकडा भंगारात. मामांनी ऑफसेट दुरुस्त केला, शॉपमधला माल चाळला, पहाटे घरी गेले.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या शिफ्टला, शेजारच्या मशीनवर, तंतोतंत तेच झालं.

---

क्यूए_ताई | मंगळवार, दुपारी २.३०

मी क्वालिटीत आहे, अशा तक्रारी रोज बघते. तुमच्या प्रसंगात तीन प्रश्न विचारते.

ऑगस्टमध्ये शॉपमधला माल चाळला. ट्रकमधला आणि ग्राहकाच्या गोदामातला कोणी चाळला? तक्रारीचा एट-डी रिपोर्ट कोणी भरला? आणि त्यातला फाइव्ह-व्हाय, पुन्हा पुन्हा "का?" विचारत जाणं, कुठे जाऊन थांबला?

---

उत्पादन_चाकण | मंगळवार, दुपारी ३.१०

वाटेतला माल राहिला होता. ग्राहकाकडे आणखी ११ तुकडे सापडले. एट-डी आमच्या क्वालिटी इंजिनियरने भरला, मामांना विचारून. फाइव्ह-व्हायचं शेवटचं उत्तर, "ऑपरेटरचं दुर्लक्ष".

---

क्यूए_ताई | मंगळवार, दुपारी ४.००

मग मामांचा ९ मला समजला. "ऑपरेटरचं दुर्लक्ष" हे कारण असूच शकत नाही, कारण त्यावर उपाय काय? लक्ष दे म्हणून सांगणं. ते त्या ऑपरेटरला सांगितलं, शेजारच्याला नाही. आणखी एकदा "का?" विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं की इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट शून्य करायचा आणि पहिला तुकडा मोजून मगच मशीन चालू करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही, मामांच्या डोक्यात आहे. ते टूल चेंजच्या शीटवर आलं असतं, तशा सगळ्या मशीनवर लागलं असतं, तर ऑक्टोबर झाला नसता. एट-डीतली सातवी पायरी याचसाठी असते.

मामांना हे "तुमचं ॲनालिटिकल स्किल कमी आहे" असं सांगू नका. कारण काढण्यात ते तुमच्या क्वालिटी इंजिनियरपेक्षा हुशार आहेत. ते एका मशीनवर थांबतात, एवढंच. असिस्टंट मॅनेजरचं काम तिथून पुढे सुरू होतं. दोन प्रसंगांच्या तारखांसकट सांगा, ते क्षणात समजतील.

---

माजी_एचआर_नाशिक | मंगळवार, संध्याकाळी ७.४५

ताईंनी नेमकं पकडलं. आता ८ गुणांचं बोला. माणसं तयार करण्याचं.

आणि एक अवघड प्रश्न. हे दोन्ही तुम्ही मामांना आधी कधी सांगितलं होतं? एप्रिलच्या अप्रेझलमध्ये काय लिहिलंय?

---

उत्पादन_चाकण | मंगळवार, रात्री ११.१५

अप्रेझल काढून बघितलं. माझ्याच अक्षरात आहे: "रात्री-अपरात्री धावून येतात. शॉपचा आधार." एवढंच.

आमच्या स्किल मॅट्रिक्समध्ये प्रत्येक ऑपरेटरसमोर गोल असतो, चार भाग. चारही भरले म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो, तीन म्हणजे एकटा सेटिंग करू शकतो. मामांच्या शिफ्टमध्ये १२ जण. सेटिंगला तीन भाग भरलेला एकच. गेल्या वर्षीही एकच होता. कारण सेटिंग मामाच करतात, पटकन होतं.

आणि ते का करतात? कारण मशीन अडलं की मी त्यांनाच फोन करतो. शिफ्ट कुणाचीही असो. माझ्या फोनमध्ये बघितलं, ऑक्टोबर महिन्यात रात्री अकरानंतर त्यांना नऊ फोन केलेत. ज्या गोष्टीसाठी मी त्यांना पाच वर्षं शाबासकी दिली, तीच आज त्यांच्या आड आली. हे मसुद्यात लिहायचं का? लिहिलं तर माझीच चूक कागदावर येते.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ६.५०

लिहा साहेब. ते नसेल तर बाकीचं वाचताना आमच्यासारख्याला एकच वाटतं, गरज होती तेव्हा मी चांगला होतो.

---

फाउंड्री_सांगली | बुधवार, सकाळी १०.३०

लेखीबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण फोनचं वाचून थांबलो. माझ्याकडे कोअर शॉपला असाच एक जण आहे.

एक विचारतो. डिप्लोम्याचं काय? खरं कारण तेच असेल तर हे एट-डी वगैरे सगळं वरवरचं ठरेल.

---

माजी_एचआर_नाशिक | बुधवार, सकाळी ११.२०

हा प्रश्न मीच विचारणार होते. जागेच्या सूचनेत काय होतं? "डिप्लोमा किंवा समकक्ष अनुभव" असेल आणि पॅनेलने डिप्लोमा मोजला नसेल, तर मेलमध्ये तो शब्द नको. पण मोजला असेल तर सांगावाच लागेल. मामा वर्षभर राबून दोन्ही गोष्टी करतील आणि पुढच्या वेळी डिप्लोम्यावर अडतील, तर तुमचा आजचा प्रामाणिकपणा त्यांना फसवणूक वाटेल. प्लांट हेडना सरळ विचारा.

---

उत्पादन_चाकण | बुधवार, संध्याकाळी ६.१०

विचारलं. ते म्हणाले, "या पदाला मोजला नाही. पण मॅनेजर व्हायचं असेल तर ग्राहकासमोर कागद लागतो." गुणपत्रकात शिक्षणाची बाब नाही हे खरं आहे. डिप्लोम्याचा विषय चर्चेत एकदा निघाला होता हेही खरं आहे. कोणाच्या मनात किती वजन होतं हे मी कसं सांगू? शेवटी जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहितोय.

आज निवड झालेल्याचा होकार आला. मामांची पहिली शिफ्ट आहे, उद्या त्यांची साप्ताहिक सुट्टी. शिफ्ट संपल्यावर साडेतीनला भेटलो, म्हणजे सांगून झाल्यावर लगेच माणसं चालवायला जावं लागणार नाही. उद्या सकाळी हे पाठवणार आहे. कंपनीचे मेल इंग्रजीत असतात, पण हे मराठीतच लिहिलं, मामा मराठीत वाचतात:

«मामा,

काल भेटीत सांगितलं तेच लिहून देतो. असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. निर्णय चौघांचा आहे, त्यात मीही आहे आणि तो अंतिम आहे.

मशीन आणि प्रोसेसच्या ज्ञानात तिन्ही अर्जदारांत तुम्हाला सर्वात जास्त गुण होते. दोन ठिकाणी कमी पडले.

पहिलं. ऑगस्टमध्ये बोअर मोठा झाल्याचं कारण तुम्ही तासाभरात काढलंत. पण वाटेतला माल चाळायचा राहिला, आणि ऑफसेट शून्य करण्याची गोष्ट टूल चेंजच्या शीटवर आली नाही. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मशीनवर तेच झालं. या पदावरच्या माणसाने बिघाड दुरुस्त करून थांबायचं नसतं, तो दुसऱ्या शिफ्टला आणि दुसऱ्या मशीनवर होणार नाही हे बघायचं असतं.

दुसरं. तुमच्या शिफ्टच्या १२ जणांत तुमच्याशिवाय सेटिंग करू शकणारा एकच आहे, गेल्या वर्षीही एकच होता.

यात माझा वाटा आहे. अडलं की मी तुम्हालाच फोन केला, अप्रेझलमध्ये त्याचंच कौतुक लिहिलं, आणि हे दोन मुद्दे तुम्हाला कधी सांगितले नाहीत. ते आधी सांगायला हवे होते.

पुढच्या सहा महिन्यांत तुमची तयारी असेल तर असं करू. ग्राहकाची पुढची एक तक्रार पहिल्या दिवसापासून बंद होईपर्यंत तुमच्या नावावर राहील, एट-डी तुम्ही लिहाल, क्वालिटी फक्त मदत करेल. आणि दोन ऑपरेटर सेटिंगला तयार करायचे. झाले हे कसं कळेल, तर तुम्ही सुट्टीवर असताना त्यांनी सेटिंग केलं आणि पहिला तुकडा पास झाला. तुमची शिफ्ट नसताना मी तुम्हाला रात्री फोन करणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्धा तास बसून बघू.

पुढची जागा कधी निघेल हे मला माहीत नाही, म्हणून शब्द देत नाही. या जागेसाठी डिप्लोम्याला गुण नव्हते. मॅनेजर पदासाठी तो लागू शकतो असं प्लांट हेडचं म्हणणं आहे, ते तुम्हाला माहीत असावं.»

---

माजी_एचआर_नाशिक | बुधवार, रात्री ८.३०

चांगलं झालंय. एकच सुचवते, गुणांचे आकडे द्यायचे असतील तर फक्त त्यांचे स्वतःचे द्या. "तिन्ही अर्जदारांत सर्वात जास्त" यातून बाकीच्या दोघांबद्दल कळतं, ते काढा.

---

क्यूए_ताई | बुधवार, रात्री ९.०५

आकडे अजिबात नकोत असं मला वाटतं. ९ लिहिलंत की ते दहावा का नाही यावर भांडत बसतील आणि बोअर बाजूला राहील. आणि "सहा महिन्यांत एक तक्रार" हे मोजमाप जपून. तक्रार आलीच नाही तर? आतली रिजेक्शनची एखादी जुनी समस्याही चालेल असं लिहा.

---

बँक_अधिकारी_नगर | बुधवार, रात्री ९.४०

काल घाईत चुकीचं वाचलं, माफ करा. आकड्यांबद्दल मात्र मी ताईंच्या विरुद्ध आहे. मला माझे गुण दिसले म्हणून शेरा चुकलाय हे कळलं. आकडे लपवले की माणूस स्वतःच्या मनाने कारण शोधतो, आणि ते बहुधा जातीचं किंवा ओळखीचं असतं.

---

उत्पादन_चाकण | शनिवार, दुपारी ४.२०

ताईंचं तक्रारीचं आणि मॅडमचं तुलनेचं, दोन्ही बदल केले. आकडे मेलमध्ये दिले नाहीत. मागितले तर त्यांचं स्वतःचं पत्रक दाखवायचं ठरवलं आहे. अजून मागितलेले नाहीत.

भेटीत मामा फार बोलले नव्हते. ऑक्टोबरचं काढल्यावर म्हणाले, "ते मला दुसऱ्या दिवशीच दिसलं होतं, पण ती शिफ्ट माझी नव्हती." गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी सर्क्युलर लागल्यावर नव्या माणसाला हात मिळवून आले. आज कागद घडी करून खिशात ठेवलेला होता. म्हणाले, दोन पोरं कोणती घ्यायची ते मी ठरवणार. मी हो म्हटलं.

मग जाताना दारात थांबून विचारलं, "मला फोन करणार नाही म्हणता. मग रात्री मशीन अडलं तर कोणाला करणार?"

नव्या असिस्टंट मॅनेजरला सेटिंग मामांइतकं येत नाही. दोन पोरं तयार व्हायला चार महिने तरी जातील. तोवर रात्रीच्या शिफ्टला मेंटेनन्सचा माणूस आणि बंद मशीन, एवढाच पर्याय आहे, आणि या महिन्याचं डिस्पॅच आधीच मागे आहे. कोणी हे निभावलं असेल तर सांगा.

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ७.१०

आमच्याकडे पहिले दोन महिने मशीन थांबायची. साहेबांनी थांबू दिली. वरून बोलणी खाल्ली पण फोन केला नाही. तिसऱ्या महिन्यात एक पोरगा स्वतः सेटिंग करायला लागला, त्याचे पहिले पाच तुकडे भंगारात गेले. तुमचा ग्राहक तेवढं थांबेल का, हे तुम्हालाच माहीत.